सूचीचा तक्ता

चंद्रपूर जिल्ह्यातील मूलचा परिसर भातशेती व जुने तलाव यांकरिता प्रसिद्ध आहे. समजा, या परिसरावरील एका पुस्तकाच्या अखेरीस असलेल्या सूचीच्या पानाचे छायाचित्र घेतले आहे, आणि त्यावरून विषय व पृष्ठांक यांचा तक्ता तयार करावयाचा आहे. त्या पानावर पुढील ओळी आढळतात :

```
तलाव, ४१, ५७-५९
   आसोलामेंढा, ५८
   मालगुजारी काळातील
         बांधकाम, ४३, ६१
   सिंचन, ६०
तांदूळ, ७२-७५
   सिंचन, ७४, ९८
```

येथे ‘सिंचन’ हा शब्द दोनदा आला आहे. पहिले सिंचन तलावाचे व दुसरे तांदळाचे, हे केवळ ओळीच्या डावीकडील मोकळ्या जागेवरून कळते. संगणक छायाचित्रातील अक्षरे ओळखतो, परंतु पुष्कळदा ही मोकळी जागा गाळून टाकतो. मग सर्व ओळी एका रेषेत येतात, आणि कोणती पोटनोंद कोणत्या मुख्य नोंदीची हे समजेनासे होते. म्हणून अक्षरे मिळाली तरी मूळ छायाचित्र समोर ठेवूनच काम करावे.

छायाचित्र घेताना पान सपाट दाबून धरावे, कारण बांधणीजवळ कागद वाकला की ओळीही वाकतात आणि मोकळी जागा फसवी दिसू लागते. पानावर दोन स्तंभ असल्यास प्रत्येक स्तंभ वेगळा वाचावा. नाही तर डाव्या ओळीला उजवी ओळ चिकटते.

‘बांधकाम’ ही ओळ सर्वांत अधिक आत आहे. ती नवी नोंद नव्हे. वरची ओळ पृष्ठांकावाचून संपली आहे, यावरून ती तिचाच उरलेला भाग असल्याचे दिसते. या दोन ओळी जोडून घ्याव्यात.

| मुख्य नोंद | पोटनोंद | पृष्ठे |
|---|---|---|
| तलाव | – | ४१, ५७-५९ |
| तलाव | आसोलामेंढा | ५८ |
| तलाव | मालगुजारी काळातील बांधकाम | ४३, ६१ |
| तलाव | सिंचन | ६० |
| तांदूळ | – | ७२-७५ |
| तांदूळ | सिंचन | ७४, ९८ |

प्रत्येक ओळीत मुख्य नोंद पुन्हा लिहिलेली आहे. हे लिखाण कंटाळवाणे खरे. पण पुढे कोणी हा तक्ता पृष्ठांकांच्या क्रमाने लावला, तर ७४ व्या पानावरील सिंचन कशाचे, हा प्रश्न उरत नाही.

जुन्या पुस्तकात ‘चांदा’ असे नाव असेल, तर ते तसेच ठेवावे. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्यापूर्वीच्या पुस्तकात तेथील गावे चांदा जिल्ह्याच्या नोंदीखाली आढळणे स्वाभाविक आहे. सूची उतरवणाराने ती सुधारू नये.

शेवटी पडताळणी करावी. एका नोंदीचे पृष्ठांक सहसा चढत्या क्रमाने असतात. संगणकाने ‘७४, १८’ असे दिले, तर ९ च्या जागी १ वाचला गेला, असा संशय घ्यावा. शब्दांचा वर्णक्रमही असाच उपयोगी पडतो. ‘तलाव’ नंतर ‘आसोलामेंढा’ आले की क्रम मोडतो. तेव्हा ती ओळ पोटनोंद असावी असे समजून छायाचित्रात पाहावे.