वाहनतळाची प्रकाशयोजना

वाहनतळाची प्रकाशयोजना म्हणजे उघड्यावरील वाहनतळावर रात्री वाहने व पादचारी एकमेकांस स्पष्ट दिसावेत, यासाठी केलेली दिव्यांच्या खांबांची व प्रकाशाच्या दिशेची आखणी. खांबांमधील अंतर, प्रकाशाची एकरूपता, डोळे दिपण्यावरील मर्यादा आणि प्रकाश प्रदूषणाचे नियंत्रण हे तिचे चार मुख्य भाग होत. नांदेड येथील तख्त सचखंड श्री हजूर साहिब, लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा किंवा लातूरची गंजगोलाई अशा गर्दीच्या ठिकाणी रात्री बस, मोटारी, दुचाकी व पायी चालणारी माणसे एकाच जागेत वावरतात. अशा जागी एकूण उजेड किती आहे यापेक्षा सर्वांत अंधारा कोपरा किती अंधारा आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

प्रदीपन व एकरूपता

जमिनीवर पडणाऱ्या प्रकाशाचे मोजमाप लक्स या एककात करतात. निरभ्र रात्री पौर्णिमेचे चांदणे सुमारे पाव लक्स असते. बाह्य कार्यस्थळांच्या प्रकाशासाठी असलेल्या EN 12464-2 या युरोपीय मानकात वर्दळीनुसार वाहनतळावर सरासरी ५, १० किंवा २० लक्स प्रदीपन सांगितले आहे. भारतात या विषयासाठी भारतीय मानक ब्युरोने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेली राष्ट्रीय प्रकाशसंहिता उपलब्ध आहे.

किमान प्रदीपनास सरासरी प्रदीपनाने भागले असता एकरूपता गुणोत्तर मिळते. उपरोक्त युरोपीय मानकानुसार ते ०.२५ पेक्षा कमी नसावे. सरासरी १० लक्स असल्यास कोणत्याही बिंदूवर २.५ लक्सपेक्षा कमी प्रकाश पडू नये, असा त्याचा अर्थ. झगझगीत भागातून अंधाऱ्या भागात जाणाऱ्या डोळ्यास जुळवून घेण्यास वेळ लागतो. त्या वेळात मागे येणाऱ्या बसच्या चालकास मागचे मूल दिसत नाही. म्हणून सरासरी चांगली असूनही वाहनतळ धोकादायक असू शकतो.

खांबांमधील अंतर : एक उदाहरण

एका दिव्यामुळे जमिनीवरील बिंदूस मिळणारे प्रदीपन पुढील सूत्राने काढतात :

E = I × cos γ ÷ d²

येथे I ही त्या दिशेची प्रकाशतीव्रता (कँडेला), d हे दिव्यापासून बिंदूपर्यंतचे थेट अंतर आणि γ हा दिव्याखालील उभ्या रेषेशी होणारा कोन आहे. अंतर वाढले की प्रकाश विरळ होतो आणि तिरपा पडल्याने आणखी कमी होतो.

समजा, ८० मीटर लांब व ४० मीटर रुंद वाहनतळावर ८ मीटर उंचीचे आठ खांब चार-चारच्या दोन ओळींत लावायचे आहेत. सोयीसाठी असे धरू की, प्रत्येक दिवा ७० अंशांपर्यंत सर्व दिशांना २,००० कँडेला प्रकाश देतो आणि त्यापलीकडे काहीच देत नाही. सहज सुचणारी मांडणी म्हणजे खांबांत परस्परांपासून २० मीटर व कडेपासून १० मीटर अंतर ठेवणे. या मांडणीत चार खांबांच्या मधल्या बिंदूस प्रत्येक दिव्याकडून सुमारे ३.७ लक्स मिळतात. चौघांचे मिळून ते १५ लक्स होतात. वाहनतळाचा कोपराही जवळच्या खांबापासून तेवढ्याच अंतरावर असतो. परंतु तेथे एकच दिवा पोहोचतो आणि केवळ ३.७ लक्स मिळतात. सरासरी सुमारे १७.५ लक्स असल्याने गुणोत्तर ०.२१ येते. योजना कसोटीस उतरत नाही आणि दोष मध्यभागी नसून कोपऱ्यात असतो.

आता तेच आठ दिवे कडेपासून ७ मीटरवर आणले, तर लांबीच्या दिशेने खांबांतील अंतर २२ मीटर आणि दोन ओळींतील अंतर २६ मीटर होते. कोपऱ्यात ७.८ लक्स, चार खांबांच्या मध्यावर ९.६ लक्स आणि आखूड कडेच्या मध्यावर ६.८ लक्स मिळतात. सरासरी १५.५ लक्सच्या आसपास उतरते, पण गुणोत्तर ०.४३ पर्यंत वाढते. दिवे किंवा वीज न वाढवता, केवळ कडेचे खांब कडेकडे सरकवल्याने हा फरक पडतो. म्हणून कडेचे अंतर हे खांबांतील अंतराच्या निम्म्याऐवजी सुमारे एक तृतीयांश ठेवणे हितावह असते.

धूळ व कीटकांनी काच मळते आणि दिवा जुना होतो, म्हणून नव्या दिव्याच्या आकड्यास ०.७ सारख्या देखभाल गुणकाने गुणतात. या उदाहरणात सरासरी त्यानंतरही सुमारे ११ लक्स उरते. हा गुणक पाळण्यासाठी काचा ठरावीक काळाने पुसल्या जाणे गृहीत धरलेले असते.

बसची सावली

मोकळ्या जागेसाठी केलेले गणित यात्रेच्या वाहनतळावर जसेच्या तसे लागू पडत नाही. ८ मीटर उंचीच्या दिव्यापासून १० मीटरवर ३.५ मीटर उंचीची बस उभी असल्यास तिच्यामागे सुमारे ८ मीटर लांबीची सावली पडते. मध्यभागी अनेक दिव्यांचा प्रकाश येत असल्याने ती सौम्य होते. एकाच दिव्यावर अवलंबून असलेल्या कोपऱ्यात मात्र ती दाट राहते. म्हणून बसच्या रांगांमधील पायवाटेस दोन बाजूंनी प्रकाश मिळेल अशा रीतीने खांब ठेवतात.

डोळे दिपणे व प्रकाश प्रदूषण

डोळे दिपण्याचे प्रमाण सुमारे १० ते ९० या श्रेणीच्या निर्देशांकाने दर्शवतात. आकडा जितका मोठा, तितका त्रास अधिक. वाहनतळासाठी वर्दळीनुसार ५० किंवा ५५ ही कमाल मर्यादा आहे. मुख्य दोष बहुधा दिव्याच्या वॅटपेक्षा त्याच्या कलण्यात असतो. कमी खांबांत जास्त जागा उजळण्यासाठी झोतदिवे वर कलते करून बसवले जातात. ७० अंशांपर्यंत प्रकाश देणारा दिवा २० अंशांहून अधिक कलला की त्याचे कडेचे किरण क्षितिजाच्या वर जातात. ते समोरच्या चालकाच्या डोळ्यांत, शेजारच्या घराच्या खिडकीत आणि आकाशात शिरतात. जमिनीस त्यांचा उपयोग होत नाही.

यावरील उपाय म्हणजे तळाची सपाट काच असलेला, क्षितिजाच्या वर प्रकाश न टाकणारा दिवा आडवा बसवणे. मात्र खांब कडेकडे सरकवल्यास काही प्रकाश कुंपणाबाहेर पडतो. वरील उदाहरणात सरासरी दोन लक्सनी घटली ती याच कारणाने. ही हानी कडेच्या दिव्यांना बाहेरच्या बाजूस आडोसा लावून आवरता येते. आडोसा दिव्याच्या फार जवळचा प्रकाश अडवत असेल, तर कोपरा पुन्हा अंधारा होतो. निळसर पांढऱ्या प्रकाशापेक्षा ३,००० केल्विन किंवा त्याहून उबदार छटेचा प्रकाश वातावरणात कमी विखुरतो, तसेच वर्दळ थांबल्यावर दिवे मंद केल्यास आकाशातील उजेड आणखी घटतो. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली.

तपासणी

योजना कागदावर योग्य असली, तरी ती रात्री लक्समापकाने तपासावी लागते. चांदणे नसलेल्या रात्री वाहनतळाचे ५ मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाच्या मध्यावर जमिनीलगत वाचन घेतात. वरील वाहनतळासाठी अशी १२८ वाचने होतात. चौकोनांच्या मध्यातून कोपरा निसटत असल्याने चारही कोपरे व कडांचे मध्य वेगळे मोजतात. सर्वांत लहान वाचनास चौकोनांच्या सरासरीने भागून मिळालेला आकडा ०.२५ पेक्षा कमी असल्यास मोठा दिवा लावून उपयोग होत नाही. सर्व दिव्यांची शक्ती सारख्या प्रमाणात वाढवल्यास किमान व सरासरी दोन्ही वाढतात आणि गुणोत्तर तेवढेच राहते. अशा वेळी खांबाची जागा, उंची किंवा दिव्याचे प्रकाशवितरण बदलावे लागते.