सहा लाखांचे आठ लाख दहा हजार

शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू व्हायची वेळ आली की बँकेच्या उताऱ्यावरचा आकडा पाहून घरात हमखास गोंधळ उडतो. कर्ज सहा लाखांचं, मग उताऱ्यावर आठ लाख दहा हजार कसे? हिशेब करून पाहिला तर बँकेचं चुकलेलं नसतं.

समजा, मुलीने चार वर्षांच्या इंजिनिअरिंगसाठी दरवर्षी दीड लाख उचलले आणि व्याजदर 10 टक्के आहे. शिक्षण संपल्यावरही साधारण वर्षभर हप्ता मागितला जात नाही. पण हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, असं नव्हे. पहिल्या वर्षी उचललेल्या दीड लाखावर पाच वर्षांचं सरळव्याज 75 हजार होतं. दुसऱ्या वर्षाच्या रकमेवर 60, तिसऱ्यावर 45 आणि शेवटच्यावर 30 हजार. हे झाले दोन लाख दहा हजार. हप्ते सुरू होताना ते मुद्दलात मिळवले जातात आणि तिथून पुढे त्या व्याजावरही व्याज लागतं. म्हणून शिकत असतानाच महिन्याला हजार-दोन हजार व्याजापोटी भरणं ज्यांना जमतं, त्यांनी ते जरूर भरावं.

केंद्र सरकारचं व्याज अनुदान नेमकं याच दोन लाख दहा हजारांसाठी आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि शिक्षण मान्यताप्राप्त संस्थेतलं तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर अभ्यासक्रम अधिक एक वर्ष, एवढ्या काळाचं व्याज सरकार भरतं. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तीन टक्के व्याजसवलत आहे, मात्र निवडक दर्जेदार संस्थांपुरती आणि दरवर्षी एक लाख विद्यार्थ्यांपुरती. उत्पन्नाचा दाखला, म्हणजे आपल्याकडे तहसील कार्यालयातून मिळणारा, बँकेत वेळेवर पोचला नाही की घोळ होतो. अनुदान खरंच जमा झालं का, हे खातेउताऱ्यात दिसतं. ते हप्ते सुरू होण्यापूर्वी पाहावं, कारण त्यानंतरचं व्याज कर्जदाराच्याच माथी असतं.

आता हप्ता किती ठेवायचा? आठ लाख दहा हजार दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे 10,700 रुपये. पंधरा वर्षांत फेडायचे तर 8,700. दोन हजारांचा दिलासा मोठा वाटतो, पण त्यापायी एकूण व्याज पावणेपाच लाखांवरून साडेसात लाखांच्या वर जातं. सुरुवातीचा पगार तुटपुंजा असेल तर हप्ता आधी लहान आणि पुढे वाढत जाणारा अशी सोय काही बँका देतात. ती मागावी लागते. नोकरीच लागली नसेल तर हप्ता चुकायच्या आधी शाखेत लेखी अर्ज करून मुदतवाढ मागावी. हप्ता चुकला तर मुलीबरोबर सहकर्जदार असलेल्या वडिलांचीही पत बिघडते, हे अनेकांना वडिलांचं गृहकर्ज अडल्यावरच कळतं.

मुदतीआधी पैसे भरण्यात मात्र खरा फायदा आहे. बदलत्या व्याजदराच्या अशा वैयक्तिक कर्जावर बँकेला त्यासाठी दंड आकारता येत नाही. दहा वर्षांच्या कर्जात वर्षभराने बोनसचे एक लाख भरले, असं धरू. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली तर उरलेल्या 108 हप्त्यांचे 87 होतात आणि सव्वा लाख रुपये व्याज वाचतं. मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला तर तो 9,300 च्या आसपास येतो, पण वाचतात जेमतेम 52 हजार. भरलेली रक्कम तीच, फरक फक्त बँकेला काय सांगितलं याचा. म्हणून पैसे भरताना ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असं लिहून द्यावं आणि पुढच्या महिन्यात परतफेडीचं नवं वेळापत्रक मागून घ्यावं.

‘कर्ज लवकर फेडू नकोस, टॅक्स वाचतो,’ असा सल्ला ऑफिसात हटकून मिळतो. कलम 80ई खाली भरलेलं सगळं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा होतं, त्याला कमाल मर्यादा नाही. पण मुद्दल वजा होत नाही, सवलत व्याज भरायला लागल्यापासून आठच वर्षं मिळते आणि तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे 79 हजार. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याचा त्यावर सोळा हजारांच्या आसपास कर वाचेल; बाकीचे 63 हजार खिशातून जातातच. शिवाय 2025-26 पासून नव्या प्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर करच नाही. सहा-सात लाखांची पहिली नोकरी करणाऱ्या मुलीने ती प्रणाली घेतली, तर 80ई तिच्या हिशेबात येतच नाही.