‘सोबत रेझ्युमे जोडला आहे’... आणि पुढे?

‘रिस्पेक्टेड सर, मी मास कॉमची विद्यार्थिनी आहे. मला आपल्या नामांकित संस्थेत इंटर्नशिप करायला आवडेल. सोबत रेझ्युमे जोडला आहे.’

असा मेल तुम्हीही कधीतरी पाठवला असेल. मी तो मागच्या वर्षी जसाच्या तसा अकरा ठिकाणी पाठवला आणि सुट्टीभर इनबॉक्स रिफ्रेश करत बसले. एकही उत्तर आलं नाही. नंतर सेंट फोल्डर उघडला, तर एका मेलला रेझ्युमे जोडलेलाच नव्हता! आणि दोन ‘सर’ चक्क मॅडम होत्या.

यंदा एकाच पुरवणीच्या संपादकांना लिहिलं. सब्जेक्टमध्ये काम आणि तारखा टाकल्या: ‘इंटर्नशिपसाठी अर्ज, ११ मे ते ३० जून’. आत एवढंच:

‘मॅडम, मी पुण्यात मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुरवणीसाठी एक विषय सुचवते: सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून मुली रात्री उशिरा घरी कशा जातात? पाच जणींशी बोलले आहे, दोघी नावानिशी बोलायला तयार आहेत. माझी परीक्षा ९ मे रोजी संपते. ११ मे ते ३० जून, आठवड्यातले सहा दिवस दुपारी १२ ते रात्री ८ येऊ शकते. फक्त २ आणि ३ जूनला तोंडी परीक्षा आहे. रेझ्युमे आणि छापून आलेले दोन लेख जोडले आहेत.’

खाली नाव आणि मोबाइल नंबर.

फरक कुठे पडला? ‘मला लिहायची आवड आहे’ असं प्रत्येक जण लिहितो. पाच जणींशी आधीच बोललेली मुलगी कामाला लागलेली दिसते. तारखांचंही तसंच. मे महिन्यात डेस्कवरचे लोक सुट्टीवर जातात. कोणत्या आठवड्यात कोण हाताशी आहे, हे त्यांना आधी कळावं लागतं. ‘लवकरात लवकर जॉइन होईन’ यातून ते कळत नाही. दोन दिवसांची अडचणही आधीच सांगा, नंतर सांगितली तर ती दांडी वाटते.

रेझ्युमे एक पानाचा आणि पीडीएफच ठेवा. वर्डमधला मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर समोरच्याच्या कॉम्प्युटरवर त्याची अगम्य अक्षरं होतात. फाइलला Resume_final2 असं नाव देऊ नका, डाउनलोड झाल्यावर ती कुणाची हे कळत नाही. स्वतःचं नाव द्या. आधी फाइल जोडा, मग मजकूर लिहा, पत्ता सगळ्यात शेवटी टाका. एकदा स्वतःलाच पाठवून मोबाइलवर उघडून बघा.

आठवडाभरात उत्तर आलं नाही, तर त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण करा. मीही केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘अभ्यासिकांवर आमचं करून झालंय. दुसरं काय आहे?’

दुसरा विषय तयार होता. ११ मेपासून मी त्याच डेस्कवर आहे.