झोप नाही म्हणून काळजी, काळजी म्हणून झोप नाही

आज बोलायचं आहे रात्रीच्या झोपेवर. गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज, कर्ज सगळं निघतं, पण "मला रात्री झोप लागत नाही" हे वाक्य बैठक संपल्यावर, चपला घालताना, हळूच कानात सांगितलं जातं. आपल्या नदीकाठच्या गावांत तर ते जास्तच ऐकू येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं. पाणी ओसरलं, चिखल काढून झाला, पण पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की अजूनही कितीतरी जणींचे डोळे टक्क उघडे राहतात.

नदीकाठच्या अशाच एका ताईची रात्र आज आपण तपासून बघू. तिचं नाव, गाव सांगत नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणींना ही रात्र ओळखीची वाटेल.

पहाटे पाचला उठून धार काढायची असते, म्हणून ताई रात्री नऊलाच अंथरुणावर पडते. झोप लागता लागता अकरा वाजतात. दोनला जाग येते. उशाचा मोबाईल उघडून ती राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आकडे तिला तोंडपाठ आहेत. पातळी कमी असली तरी मग राधानगरीचे दरवाजे उघडलेत का ते बघते. नंतर गटाचा हप्ता आठवतो, मुलीची फी आठवते. साडेतीनला कुठं पुन्हा डोळा लागतो आणि पाचला गजर होतो. आता हिशोब करा. अंथरुणावर आठ तास, झोप मात्र साडेचार तास. उरलेले साडेतीन तास ताई अंधारात काळजीशी बोलत पडलेली असते.

आता हे चक्र कसं फिरतं ते बघू. काळजी वाटली की शरीर धोक्याच्या तयारीला लागतं. छाती धडधडते, स्नायू आवळतात, कान टवकारतात. नदी खरंच चढत असेल तर ही तयारी आपला जीव वाचवते. पण पाणी पात्रात असतानाही शरीर तसंच सज्ज राहिलं तर झोप येणार कशी? आणि झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी मेंदूचा भीतीचा भाग जास्त भडक होतो आणि त्याला आवरणारा विचाराचा भाग थकलेला असतो. त्यामुळं काल जी गोष्ट लहान होती ती आज डोंगराएवढी दिसते. सासूबाईंचा एक शब्द टोचतो, बँकेचा साधा फोन आला तरी पोटात गोळा येतो. ती वाढलेली काळजी घेऊन आपण रात्री पुन्हा अंथरुणावर जातो.

यात आणखी एक गाठ बसते. झोप झाली नाही म्हणून आपण ज्या युक्त्या करतो, त्याच झोप मोडतात. ताई दुपारी दीड तास झोपते. संध्याकाळी पाच वाजता आणि पुन्हा सातला कडक चहा घेते. रात्री "आज तरी लवकर पडूया" म्हणून नऊलाच आडवी होते. झोपेलाही भूक असते मैत्रिणींनो. जितका वेळ जागं राहाल तितकी ती भूक वाढते. दुपारची दीड तासाची झोप म्हणजे जेवणाआधी वाटीभर भडंग खाण्यासारखं आहे. मग ताटावर बसून भूक लागत नाही म्हणून रडण्यात काय अर्थ? शिवाय रोज दोन-तीन तास जागं पडून राहिलं की मेंदू शिकतो की अंथरूण ही काळजी करायची जागा आहे. म्हणूनच टीव्हीसमोर पेंगणारी बाई गादीवर पाठ टेकताच टक्क जागी होते.

तेव्हा चक्र तोडायची सुरुवात जास्त झोपायचा प्रयत्न करून होत नाही. ती होते अंथरुणावरचा जागेपणा कमी करून. निद्रानाशावर डॉक्टर आणि मानसतज्ज्ञ गोळ्यांशिवाय जो उपचार करतात, त्याचा गाभा हाच आहे. ताईच्या रात्रीला तो लावून बघू.

पहिली गोष्ट, उठायची वेळ पक्की. रात्र कशीही गेली तरी पाच म्हणजे पाच. धारेमुळं हे आपल्याला जमतंच. मग पाचपासून उलटं मोजायचं. ताईची खरी झोप साडेचार तास आहे. तेवढाच वेळ ठेवला तर फार कमी होईल. साडेपाच तासांच्या खाली कुणीच जायचं नाही. म्हणजे पहिल्या आठवड्यात तिनं रात्री साडेअकराला अंथरुणावर जायचं, त्याआधी नाही. दुपारची झोप बंद. अगदीच डोळे मिटत असतील तर तीनच्या आत वीस मिनिटं, तीही गजर लावून.

साडेअकरापर्यंत करायचं काय? दिवा मंद ठेवून बसल्या बसल्या होणारं काम. लसूण सोला, वाती वळा, गोधडीला टाके घाला. मोबाईल मात्र नको. पहिला आठवडा जड जातो, हे आधीच सांगते. दिवसा पेंग येते. त्या दिवसांत कडबाकुट्टीवर हात घालू नका, गाडी चालवू नका. आठवडाभरात साडेपाच तासांतली पाचेक तास झोप सलग लागायला लागली, की झोपायची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडं घ्यायची, सव्वाअकरा. पुढच्या आठवड्यात अकरा. दिवसा ताजंतवानं वाटेल तिथं थांबायचं. कुणाला सहा तास पुरतात, कुणाला साडेसात लागतात.

गरोदर बायका, फिट येणाऱ्या, मनाच्या आजारावर औषध चालू असणाऱ्या आणि यंत्रावर काम करणाऱ्या बायकांनी झोपेचे तास असे कमी करायचे नाहीत. त्यांनी उठायची वेळ पक्की ठेवावी आणि पुढच्या सवयी कराव्यात.

दुसरी गोष्ट, काळजीला संध्याकाळची वेळ द्यायची. जेवणाआधी, समजा साडेसातला, पंधरा मिनिटं वही घेऊन बसायचं. गटाच्या जमाखर्चासारखे दोन रकाने पाडायचे. डावीकडं काळजी, उजवीकडं उद्याचं पहिलं काम. "पाणी आलं तर म्हशी कुठं न्यायच्या?" समोर लिहायचं, "उद्या दिरांना विचारून उंचावरचा गोठा ठरवणे." "दहा तारखेचा हप्ता." समोर, "सकाळी अध्यक्ष ताईंना भेटणे." ज्याला उत्तरच नाही त्याच्यापुढं लिहायचं, "उद्या साडेसातला पुन्हा." लिहिता येत नसेल तर मुलीला सांगून लिहून घ्या किंवा मैत्रिणीला बोलून दाखवा. रात्री तीच काळजी आली की मनाला सांगायचं, तुझी नोंद झाली आहे. पहिले काही दिवस मन ऐकत नाही. रोज एकाच वेळी बसलात तर ऐकायला लागतं.

आणि पुराची काळजी? तिला नुसतं "विसर" म्हणून चालत नाही, कारण ती खोटी नाही. पण वाडीतल्या दहा बायकांनी दहा मोबाईलवर रात्री दोनला तीच पातळी बघायची गरज आहे का? पावसाळ्यात गटानं पाळी लावावी. ज्या घरची पाळी, त्या घरचा फोन चालू राहील आणि तेच घर प्रशासनाच्या सूचनेवर लक्ष ठेवेल. पाणी वाढलं तर तिथून सगळ्यांना फोन करायचा किंवा दार वाजवायचं. बाकीच्यांनी फोनचा फक्त आवाज चालू ठेवून तो उशापासून लांब ठेवायचा. पूर खरोखर चढत असेल त्या रात्री मात्र झोपेचे हे सगळे नियम बाजूला ठेवायचे आणि सूचना मिळताच घर सोडायचं.

तिसरी गोष्ट, रात्री जाग आली तर. घड्याळ बघायचं नाही. भिंतीवरचं असेल तर उलटं करून ठेवा. "किती वाजले, आता किती तास उरले" हा हिशोब सुरू झाला की झोप पळालीच. अंदाजे वीस मिनिटं झाली आणि झोप येत नाही असं वाटलं, तर उठायचं. सोप्यात जाऊन बसायचं. घर एकखणी असेल तर अंथरुणावरून उठून चटईवर भिंतीला टेकून बसायचं. चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत हळू बाहेर, असं पाच मिनिटं करायचं. लांब उच्छ्वासानं धडधड कमी होते. डोळे जड झाले की परत अंथरुणावर. एका रात्रीत दोन-तीनदा उठावं लागलं तरी चालेल. अशानं अंथरूण आणि झोप यांची मोडलेली जोडी पुन्हा जुळते.

आता चहा आणि मिशरी. चहातलं तरतरी आणणारं द्रव्य पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं. सातचा चहा बारापर्यंत काम करतो, म्हणून शेवटचा चहा दुपारी तीनचा. आणि मिशरी म्हणजे तंबाखूच. रात्री दात घासून "बरं वाटतं" ते तलफ भागल्यामुळं. प्रत्यक्षात त्यानं काळजाचे ठोके वाढतात. सोडायला वेळ लागेल, पण संध्याकाळनंतरची आधी बंद करा.

हे करूनही आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री झोप मोडत असेल आणि असं तीन महिने चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मोठं घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं, पाळी जायच्या वयात रात्री घाम फुटणं, थायरॉईडचा त्रास, यांनीही झोप जाते आणि त्यांचा इलाज वेगळा असतो. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनानं झोपेची गोळी आणू नका. आधीपासून चालू असेल तर एकदम बंदही करू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करतात. कोल्हापुरात सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे. आणि कशातच मन लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा. तो फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आज रात्री एकच करा. उद्या सकाळी वहीत तीन आकडे लिहा: अंथरुणावर कधी गेले, अंदाजे झोप किती लागली, उठले कधी. असं सात दिवस लिहा आणि पुढच्या बैठकीला ती वही आणा. झोपायची वेळ कुणी किती पुढं ढकलायची, ते आपण तिथं बसून काढू.