टेप कुठे, वायसर कुठे

"एक्स्टेंशन अर्ध्याचं देऊ की एकचं?" दुकानदाराने विचारलं. मी म्हटलं, "अर्धा. नळ अर्धा इंचीच आहे." तो हसला. "नळ सगळेच अर्ध्याचे असतात हो काका, मी लांबी विचारतोय."

चाळीस वर्षांच्या इमारतीत धुण्याचं नवं मशीन आणलं, तिथून हे सुरू झालं. मोरीतला जुना पितळी नळ काढायचा, त्याजागी मशीनचा नळ लावायचा, एवढंच काम. पण घरात 'अर्धा इंच' या शब्दाचे निदान तीन अर्थ फिरत असतात आणि दुकानात उभं राहिल्याशिवाय ते कळत नाहीत.

पहिला घोटाळा मापाचाच. अर्धा इंची म्हणतात त्या नळाच्या मागच्या आट्यांवर पट्टी ठेवा. बाहेरून बाहेर जवळजवळ २१ मिलिमीटर भरतील. अर्धा इंच म्हणजे १२.७. मग अर्धा इंच आहे कुठे? आता तो कुठेच नाही. हे माप मुळात पाइपाच्या आतल्या पोकळीचं होतं. पूर्वीच्या लोखंडी पाइपाची भिंत जाड असे. पुढे ती पातळ झाली, पण आटे बाहेरून पाडलेले असतात, म्हणून बाहेरचा व्यास तसाच ठेवावा लागला आणि पोकळी वाढली. आपल्याकडच्या मध्यम जाडीच्या अर्धा इंची जीआय पाइपाची पोकळी आज सुमारे १६ मिलिमीटर असते. नाव मात्र अर्ध्याचंच राहिलं. पाऊण इंचाचंही तसंच, आटे बाहेरून साडेसव्वीस मिलिमीटरच्या आसपास.

घरात पट्टी सापडत नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालतं. त्याचा व्यास २७ मिलिमीटर. नळाच्या तोंडावर ते धरलं आणि आटे नाण्याआड जेमतेम लपले, तर पाऊण इंच. नाणं चारही बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर बाहेर आलं, तर अर्धा. बाहेरच्या आट्यांचं हे काम दोन सेकंदांत होतं. भिंतीत आतले आटे असतील तर मात्र जुना नळ काढून तोच दुकानात न्यावा.

माझ्या मोरीत भिंतीतला एल्बो अर्धा इंचीच निघाला. मशीनच्या पाइपाचं प्लास्टिकचं नट पाऊण इंची. म्हणजे कुठेतरी अर्ध्याचं पाऊण व्हायला हवं. ते तीन प्रकारे होतं. जुन्याच नळाच्या तोंडाला रबरी अडॅप्टर लावून वर क्लिप आवळायची, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट. मशीनचा झडप-व्हॉल्व्ह पाणी एकदम तोडतो, पाइपात धक्का बसतो आणि कधीतरी तो रबरी तुकडा निसटतो. घरी कुणी नसताना. दुसरा उपाय, अर्ध्याचं पाऊण करणारा पितळी तुकडा मध्ये घालायचा. चालतो, पण एक सांधा वाढतो. तिसरा उपाय, एका टोकाला अर्धा आणि दुसऱ्या टोकाला पाऊण इंची आटे असलेला, मशीनसाठीच बनवलेला नळ. मी तो घेतला. अडॅप्टर हा नाइलाज असतो. तो सोय म्हणून विकला जातो, एवढंच.

आता जुना नळ काढणं. टाकीचा वरचा कॉक बंद करून खालचा एखादा नळ उघडा ठेवला, पाइप रिकामा होऊ दिला आणि पान्हा लावला. जीआय पाइपाची भिंत आटे पाडलेल्या जागी सर्वांत पातळ असते, गंज तिथेच आधी खातो. म्हणून जोर एकदम लावायचा नाही. जरा सोडवायचं, जरा परत आवळायचं, पुन्हा सोडवायचं. नळाबरोबर भिंतीतून 'कर्र' असा आवाज आला किंवा एल्बोभोवतीचं सिमेंट हललं, तर तिथेच थांबावं, कारण फिरतोय तो नळ नव्हे, भिंतीतला पाइप. माझा नळ सुखरूप निघाला. आट्यांत काळा पडलेला ताग आणि वाळलेला सफेदा भरला होता. तारेच्या ब्रशने आणि जुन्या टूथब्रशने एल्बोचे आटे साफ केले. टॉर्च मारून बघितलं. आट्यांच्या कडा धारदार दिसल्या. त्या गोल झाल्या असत्या, कुठे खड्डे पडले असते, तर टेपचे कितीही वेढे उपयोगी नव्हते. मग भिंत फोडायचीच तयारी.

भिंतीत पेन्सिल घालून एल्बोच्या तोंडापर्यंत टेकवली आणि फरशीच्या पातळीला नखाने खूण केली. २५ मिलिमीटर. मधल्या काळात जुन्या फरशीवर नवी फरशी बसवली होती, त्यामुळे एल्बो आत गेलेला. नळाची आट्यांची शेपटी पंधरा-सोळा मिलिमीटरची, ती तिथवर पोचणार कशी? त्यासाठी एक्स्टेंशन. ते जाडीने अर्ध्याचंच, एका बाजूला बाहेरचे आटे, दुसऱ्या बाजूला आतले. लांबी मात्र आपल्या भिंतीप्रमाणे. इंच बोलून मागण्यापेक्षा पट्टी लावून घ्यावं, आट्यांशिवायचा भाग किती हे बघून. माझ्यासाठी एक इंचाचं बरोबर बसलं, बाहेरचं तोंड फरशीच्या लगेच आत राहिलं.

खरा प्रश्न इथून पुढे. आपण सांधे मोजू. एल्बो आणि एक्स्टेंशन, एक. एक्स्टेंशन आणि नळ, दोन. नळ आणि मशीनचं नट, तीन. तिन्ही ठिकाणी आटेच. पण पहिल्या दोन सांध्यांत पाणी अडवायचं काम आटे करतात आणि तिसऱ्यात ते वायसर करतो. तिसऱ्यात आटे फक्त नटाला धरून ठेवतात आणि वायसर दाबतात. सांधा कुठल्या जातीचा हे ओळखलं की टेप कुठे आणि वायसर कुठे, हा गोंधळ उरत नाही. बेसिनखालचा अँगल कॉक बघा. दोन्ही टोकांना अर्ध्याचेच आटे. भिंतीकडच्या टोकाला टेप हवीच. वरच्या टोकाला, जिथे कनेक्शन पाइपाचं नट बसतं, तिथे टेप नको. नटाच्या आत रबर आहे.

आट्यांनी पाणी अडतं कसं? पाइपावरचे बाहेरचे आटे किंचित निमुळते असतात. सोळा मिलिमीटर लांबीत व्यास एक मिलिमीटरने वाढतो. सरळ सॉकेटमध्ये ते फिरवत गेलं की पाचर ठोकल्यासारखे घट्ट होतात. तरीही आट्याच्या टोकाशी आणि तळाशी केसाएवढी फट उरते आणि पाणी त्या फटीतून गोल जिना उतरावा तसं बाहेर येतं. ही वाट टेप बुजवते. बरेचसे नवे नळ मात्र निमुळत्या नव्हे, सरळ आट्यांचे असतात. तिथे पाचर बसत नाही, म्हणून टेप जरा जास्त लागते.

टेप नळाच्या आट्यांच्या तोंडाकडे बघत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर आवळताना गोळा होऊन मागे सरकते. पहिला आटा उघडा सोडायचा, नाहीतर टेपचे तुकडे पाण्यात जाऊन नळाच्या जाळीत अडकतात आणि चार दिवसांनी "नव्या नळाला धार का नाही" म्हणून तक्रार होते. ताणून, आट्यांत रुतेल अशी, दहा-बारा वेढे. पातळ टेप असेल तर पंधरा. पुरेशी झाली का, हे हात सांगतो. दोन-तीन फेरे हाताने सहज जावेत आणि मग जड लागावं. नळ हाताने थेट शेवटपर्यंत गेला तर टेप कमी आहे. काढा, जुनी खरवडून टाका, नवी गुंडाळा.

पान्ह्याने अजून एक-दोन फेरे घेतले आणि नळाचं तोंड सरळ खाली येण्याऐवजी थोडं उजवीकडे गेलं. हात आपोआप मागे फिरवतो. तिथेच चूक होते. टेपचा सांधा एकदा आवळून उलटा फिरवला की दाबलेली टेप सैल पडते आणि गळती सुरू होते. जुने प्लंबर ताग आणि सफेदा का सोडत नव्हते, त्याचं एक कारण हेच. ताग पाण्याने फुगतो आणि थोडं मागे फिरवलेलं सांभाळून घेतो. मी नळ पूर्ण काढून टेपचे दोन वेढे वाढवले, तेव्हा तोंड बरोबर खाली येऊन आवळला गेला. एका फेऱ्याला आटा १.८ मिलिमीटर पुढे जातो. टेपच्या वेढ्यांनी तेवढं जमवता येतं.

भिंतीत लोखंडाऐवजी सीपीव्हीसी असेल, तर फिटिंगच्या आत पितळी आटे बसवलेले आहेत ना हे आधी बघा. प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत धातूचा निमुळता आटा घुसवणं म्हणजे लाकडात पाचर मारणं. त्या दिवशी काही होत नाही. महिन्याभराने तडा जातो.

मशीनचं नट. इथे प्लंबरांच्या हातून सवयीने टेप जाते. नटात सपाट रबरी वायसर असतो आणि तो नळाच्या पाऊण इंची तोंडाच्या कडेवर बसतो. आट्यांवर टेपचा थर चढवला तर नट आट्यांवरच जड होतं, आवळलं गेल्यासारखं वाटतं आणि वायसर पुरता दाबला जातच नाही. पाणी मग टेपमधूनही वाट काढतं. वायसर जागेवर आहे, मऊ आहे, दोन नाहीत एवढं बघायचं. नट हाताने घट्ट करायचं आणि जास्तीत जास्त पाव फेरा. जोर लावला तर प्लास्टिकचं नट फुटतं. जुना वायसर कडक होऊन कडेला खाच पडली असेल तर नवा घालायचा. दोन-पाच रुपयांची गोष्ट.

एक प्रकार माझ्या बहिणीकडे झाला. भाच्याने अमेरिकेहून शॉवर आणला. आटे अर्ध्याचे, बसले छान, पण रोज टिपकत राहिला. दोन्हीकडे एका इंचात १४ आटेच असतात, म्हणून सुरुवात गोड होते. पण आपल्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली सुचवलेला, आणि अमेरिकन पाइपाच्या आट्याचा ६०. बाहेरचा व्यासही थोडा मोठा. दोन वेगळ्या कंगव्यांचे दात एकमेकांत घालावेत तसं. इथे टेप वाढवत बसण्यापेक्षा मधला अडॅप्टर घ्यावा किंवा शॉवर परत पाठवावा.

शेवटी पाणी सोडलं. नळामागची स्टीलची गोल चकती, फ्लँज, मी भिंतीला टेकवली नव्हती, नळाकडे ओढून ठेवली होती. कारण पहिला सांधा फरशीच्या आत आहे. तो गळला तर पाणी फरशीमागे मुरतं आणि कळतं ते खालच्या घरातल्यांनी दार वाजवल्यावर. सगळं कोरडं पुसून भोकात टिश्यूची वळी खुपसून ठेवली, नळाच्या सांध्याखाली वर्तमानपत्राचा तुकडा. संध्याकाळी मशीनचं एक धुणं झालं. वर्तमानपत्र कोरडं, टिश्यूचं टोक किंचित ओलं. काढून पाहिलं तर फरशीच्या कडेवरचं जुनंच पाणी वाटलं, पण नवी वळी घातली. तीन दिवसांनी ती कोरडी निघाली, तेव्हा फ्लँज भिंतीला सरकवली.