वाढदिवसाला या, पण किती वाजता, कुठे आणि काय घेऊन?

‘शनिवारी संध्याकाळी चिऊचा वाढदिवस आहे, नक्की यायचं हं!’ एवढं व्हॉट्सअॅपवर टाकलं की आमंत्रण झालं, असं आपण समजतो. मग फोन सुरू होतात. संध्याकाळी म्हणजे कधी? जेवण आहे की नुसतं खाणं? धाकट्याला आणलं तर चालेल? घरगुती आमंत्रणाला पत्रिकेचा थाट नको हे खरं. पण वेळ, ठिकाण आणि काय आणायचं, या तीन गोष्टी त्यात स्पष्ट हव्यात.

उदाहरणादाखल कोथरूडमधली चिऊ घेऊ. ती गुरुवारी सहा वर्षांची होणार, पण पार्टी शनिवारी, इमारतीच्या गच्चीवर. वर्गातली दहा मुलं यायची आहेत आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आईवडिलांनी हे घर पाहिलेलं नाही.

आधी वेळ. वार आणि तारीख दोन्ही लिहा. एकात चूक झाली, तर दोन्हींचा मेळ बसत नाही आणि कुणीतरी लगेच विचारतं. नुसती तारीख चुकली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. वाढदिवस एका दिवशी आणि पार्टी दुसऱ्या दिवशी असेल, तर तेही सांगावं. नाहीतर एखादी आत्या गुरुवारीच दारात उभी राहते. ‘साडेपाचपासून’ एवढ्यावर थांबू नका. केक किती वाजता कापणार ते लिहिलं की उशीर करणारेही त्या वेळेच्या हिशेबाने निघतात. संपण्याची वेळ तर पालकांसाठी फार महत्त्वाची, कारण त्यांना मुलाला न्यायला यायचं असतं.

ठिकाण सांगताना पत्ता, ओळखीची खूण आणि मजला लिहा. मोठ्या सोसायटीत वॉचमनला फ्लॅट नंबर सांगावा लागतो, म्हणून पार्टी गच्चीवर असली तरी तो द्यायचा. लोकेशन पाठवताना एक घोटाळा नेहमी होतो. ऑफिसात बसून ‘सध्याचं लोकेशन’ पाठवलं, तर पाहुणे ऑफिसच्या दारात पोहोचतात. ते घरी असताना पाठवावं, आणि पाठवल्यावर स्वतः उघडून पाहावं.

काय आणायचं, हे लिहायला आपल्याला संकोच वाटतो. पण आपण गप्प राहिलो की पाहुणा अंदाज बांधतो. भेट नको असेल तर ‘काही आणलं नाही तरी चालेल’ असं गुळमुळीत लिहू नका; त्याचा अर्थ ‘आणा’ असाच घेतला जातो. ‘भेटवस्तू आणू नका’ असं सरळ लिहा, आणि कुणी आणलीच तर ती सगळ्यांसमोर उघडू नका, म्हणजे सूचना पाळणाऱ्याला ओशाळं वाटणार नाही. मुलांनी सोबत काय आणायचं तेही सांगा: गच्चीवर रंगकाम असेल तर जुने कपडे, शिवाय पाण्याची बाटली.

हे सगळं जुळवून चिऊच्या आईचा निरोप असा होतो:

‘नमस्कार! आमची चिऊ सहा वर्षांची होतेय. वाढदिवस गुरुवारी आहे, पण पार्टी शनिवारी, १४ नोव्हेंबरला. वेळ साडेपाच ते आठ, केक सव्वासहाला. ठिकाण: आमच्या इमारतीची गच्ची, बी विंग, कर्वे पुतळ्याजवळ. पूर्ण पत्ता आणि लोकेशन खाली दिलंय. गेटवर फ्लॅट ३०२ सांगा. मुलं रंगकाम करणार आहेत, म्हणून जुने कपडे घाला आणि पाण्याची बाटली द्या. भेटवस्तू मात्र आणू नका. पावभाजी आणि केक आहे, केक बिनअंड्याचा. शेंगदाणे, दूध असं काही चालत नसेल तर कळवा. मुलांना सोडून गेलात तरी चालेल; भावंडं येणार असतील तर बुधवारपर्यंत सांगा, म्हणजे खाण्याचा अंदाज येईल. वाट पाहतोय!’

निरोप लांबला खरा, पण मागाहून विचारण्यासारखं त्यात फारसं काही उरलं नाही.

पाठवण्याचीही एक रीत आहे. वर्गात चाळीस मुलं आणि बोलावणं दहांना, तर हा निरोप वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका. उरलेल्या तीस घरांत मुलांचे चेहरे उतरतात. ब्रॉडकास्टने पाठवायचा म्हटलं, तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो पोहोचतच नाही. दहाच घरं आहेत, वेगवेगळा पाठवा. आजी-आजोबा आणि जवळच्या नातेवाइकांना मात्र आधी फोन करा, निरोप नंतर. नुसत्या मेसेजवर बोलावलेलं आपल्याकडे अजूनही अनेकांच्या मनाला लागतं.

निरोप आठवडाभर आधी जाऊ द्या आणि आदल्या दिवशी फक्त वेळ व लोकेशन पुन्हा पाठवा. पण त्याआधी तो तुमचं घर न पाहिलेल्या एखाद्या मैत्रिणीला वाचायला द्या. तिने एकही प्रश्न विचारला नाही, तर आमंत्रण जमलं; विचारला, तर त्याचं उत्तर निरोपात घाला.