मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे अपुरे प्रशिक्षण आणि शुल्काचा परतावा

मोटार चालविण्यास शिकविणाऱ्या संस्था शुल्क बहुधा आगाऊ घेतात. ठरलेले सराव-तास झाले नाहीत, परीक्षेच्या दिवशी वाहन आले नाही, तर शिकणाऱ्याचे पैसे अडकून पडतात. रक्कम काही हजारांची असल्याने अनेकजण ती सोडून देतात. तथापि, अशा शाळेने काय द्यावयाचे हे केवळ तोंडी वचनावर अवलंबून नसते. त्याला नियमांचा आधार आहे आणि दिलेल्या प्रशिक्षणाची दैनंदिन नोंद ठेवणे शाळेवर बंधनकारक आहे. परताव्याचा दावा मुख्यतः या नोंदीवर उभा राहतो.

नियम काय सांगतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२ अन्वये आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये ड्रायव्हिंग स्कूलला परवाना घ्यावा लागतो. खाजगी मोटारीसारख्या बिगर-परिवहन वाहनाचे प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे असावे आणि त्यात प्रत्यक्ष वाहन चालविण्याचे किमान १० तास असावेत, असे नियम ३१ मध्ये म्हटले आहे. नियम २७ नुसार प्रवेश घेतलेल्यांची नोंदवही नमुना १४ मध्ये आणि प्रत्येकाच्या प्रत्यक्ष सरावाची नोंद नमुना १५ मध्ये ठेवावी लागते. नमुना १५ मध्ये तारीख, सरावाची वेळ आणि प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी या दोघांच्या सह्या असतात. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर नमुना ५ मधील प्रमाणपत्र दिले जाते.

यावरून एक सावधगिरी ओघानेच येते. न झालेल्या तासांपुढे किंवा कोऱ्या नमुन्यावर सही केली, तर तीच सही पुढे प्रशिक्षणार्थीच्या विरुद्ध पुरावा ठरते. उलट, नोंदवहीत १० तास भरलेले असून सह्या जुळत नसतील, किंवा शाळेला नोंदवही दाखविताच येत नसेल, तर शाळेची बाजू लंगडी पडते.

एक उदाहरण

निफाड तालुक्यातील एका शिक्षिकेने नाशिक शहरातील एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये १२ जानेवारी रोजी ७,५०० रुपये भरले, असे उदाहरणादाखल धरू. पावतीवर सरावासाठी ६,००० रुपये आणि परीक्षेच्या दिवशी वाहन व प्रशिक्षक पुरविण्यासाठी १,५०० रुपये अशी फोड आहे. अर्ध्या तासाचे २० सराव, म्हणजे १० तास ठरले. शिकाऊ अनुज्ञप्ती १० जानेवारीची आहे. ही अनुज्ञप्ती सहा महिने चालते आणि ती मिळाल्यापासून किमान ३० दिवस झाल्याशिवाय वाहन चालविण्याची परीक्षा देता येत नाही.

प्रत्यक्षात सहा सराव, म्हणजे ३ तास झाले. त्यानंतर कधी गाडी दुरुस्तीस गेली, कधी प्रशिक्षक आले नाहीत. मार्चमध्ये पेठ रस्त्यावरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात परीक्षेची वेळ मिळाली. पण शाळेचे वाहन आलेच नाही. पुढे जुलैमध्ये शिकाऊ अनुज्ञप्तीची मुदत संपली आणि ती पुन्हा काढावी लागली.

येथे मागणीचा हिशेब सरळ आहे. न झालेल्या ७ तासांचे ४,२०० रुपये आणि परीक्षेच्या साहाय्याचे १,५०० रुपये, असे एकूण ५,७०० रुपये होतात. नव्या शिकाऊ अनुज्ञप्तीसाठी भरलेले शासकीय शुल्क पावतीनिशी त्यात मिळविता येते. झालेल्या तीन तासांचे शुल्क मागू नये. वाजवी हिशेब मांडणाऱ्या तक्रारदारावर विश्वास ठेवणे सोपे जाते. व्याज, मानसिक त्रासाची भरपाई व तक्रारीचा खर्च यांची मागणी वेगळी लिहावी. ती किती मान्य करावयाची हे आयोग ठरवितो.

परीक्षेत अनुत्तीर्ण होणे ही मात्र सेवेतील त्रुटी नव्हे. निकाल देणारा परिवहन विभागाचा निरीक्षक असतो, शाळा नव्हे. तसेच प्रशिक्षणार्थी स्वतःच गैरहजर राहिला असेल, तर त्या तासांचा परतावा मागता येणार नाही. म्हणून शाळेने सराव रद्द केल्याचे भ्रमणध्वनीवरील संदेश पुसून न टाकता तारखेसह जपून ठेवावेत.

दाद कोठे मागावी

प्रथम शाळेला लेखी नोटीस द्यावी. पावतीचा क्रमांक, झालेल्या सरावांच्या तारखा, परीक्षेचा दिवस आणि हिशेबाची रक्कम लिहून नमुना १५ मधील आपल्या नोंदीची प्रत मागावी. पोच मिळेल अशा टपालाने ती पाठवावी व उत्तरासाठी १५ दिवस द्यावेत. याच टप्प्यावर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. परंतु ते केंद्र समझोता घडवू शकते, आदेश देऊ शकत नाही.

त्यानंतर दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये. शाळेने नियम मोडल्याची तक्रार परिवहन कार्यालयाकडे करता येते. चौकशीत दोष आढळल्यास नियम २८ नुसार शाळेचा परवाना निलंबित अथवा रद्द होऊ शकतो. तेथून पैसे मात्र परत मिळत नाहीत. पैशांसाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे लागते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार कबूल केलेली सेवा अपुरी देणे ही सेवेतील त्रुटी होय. सदोष सेवेचे मूल्य पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्यामुळे 'भरलेले शुल्क परत मिळणार नाही' एवढे पावतीवर छापल्याने न दिलेल्या सेवेची जबाबदारी टळत नाही. पावतीच न देणे हेही या अधिनियमाखाली अनुचित प्रथेत मोडते.

तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. वरील उदाहरणात वाहन न आल्याच्या मार्चमधील दिवसापासून मुदत मोजणे सुरक्षित ठरेल. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे ती करता येते. सेवेसाठी दिलेले मूल्य ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र, पावती, शिकाऊ अनुज्ञप्ती, परीक्षेच्या वेळेची नोंद, संदेशांच्या छापील प्रती आणि नोटिशीची पोच जोडावी. नमुना १४ व १५ च्या मूळ नोंदवह्या शाळेने हजर कराव्यात, अशी विनंती तक्रारीतच करावी. आवश्यक कागदपत्रे मागविण्याचा अधिकार आयोगाला आहे.

तक्रार दाखल झाल्यावर शाळेला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. आयोग आणखी १५ दिवस वाढवून देऊ शकतो. अनेकदा नोटीस मिळताच उरलेले तास पूर्ण करून देण्याची तयारी शाळा दाखविते. ती स्वीकारावयाची असल्यास तारखा, वेळा आणि वाहन यांचा लेखी करार करून घ्यावा आणि सराव प्रत्यक्ष झाल्यावरच नमुना १५ वर सही करावी.